पाच हजारांच्या आरडीचे चार लाख का होत नाहीत, आणि पाच लाखांसाठी दरमहा किती भरावं

प्रश्न: नोव्हेंबरात पोस्टात दरमहा ५,००० रुपयांचं पाच वर्षांचं आरडी काढलं. व्याज ६.७ टक्के. ३ लाखांवर पाच वर्षांचं व्याज १ लाखाच्या वर होतं, म्हणजे ४ लाख मिळायला हवेत. खिडकीवर मात्र ३,५६,८२९ सांगितले. बाकीचे पैसे कुठे गेले? मुलगी आठवीत आहे, बारावीनंतर तिच्या प्रवेशासाठी हातात ५ लाख हवेत. त्यासाठी महिन्याला किती भरावं लागेल?

उत्तर: खिडकीवरचा आकडा बरोबर आहे, तुमचा एक रुपयाही कुठे गेलेला नाही. याच दराने पाच वर्षांत ५ लाख हवे असतील तर दरमहा ७,०१० रुपये भरावे लागतील. पण तुमच्या प्रश्नात मला या दोन्हींपेक्षा मोठी अडचण दिसते ती तारखेची. नोव्हेंबरात काढलेलं खातं नोव्हेंबरातच पिकणार आणि प्रवेशाची फी त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये भरावी लागणार. तिकडे येतोच, पण आधी हिशेब समजून घेऊ, कारण तो नीट कळला की तारखेचं नुकसान किती हेही आपोआप कळतं. पोस्टाच्या बचत खिडकीवर माझी नोकरी झाली आणि हा प्रश्न तिथे नेहमी यायचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही ३,००,००० गुणिले ६.७ टक्के गुणिले ५ असं केलंत. १,००,५०० आले. हा हिशेब त्या माणसाला लागू पडतो ज्याने पहिल्याच दिवशी तीन लाख रोख ठेवले आणि पाच वर्षं हात लावला नाही. तुम्ही पहिल्या दिवशी ठेवलेत फक्त पाच हजार. ते पाच हजार ६० महिने राहतील. दुसऱ्या महिन्याचे पाच हजार ५९ महिने, तिसऱ्याचे ५८, आणि अगदी शेवटचा हप्ता जेमतेम एक महिना. व्याज पैशाला मिळतं तसं ते पैसा किती काळ राहिला यालाही मिळतं, आणि तुमच्या तीन लाखांतला बराच भाग त्या खात्यात उशिरा येणार आहे.

किती उशिरा, ते मोजता येतं. ६० अधिक ५९ अधिक ५८ असं १ पर्यंत करत गेलं की बेरीज १,८३० येते. म्हणजे ५,००० रुपयांचा एक हप्ता १,८३० महिने ठेवावा तितकंच साधं व्याज तुमच्या सगळ्या हप्त्यांना मिळून मिळणार. ६० हप्त्यांनी भागलं तर एका हप्त्याच्या वाट्याला सरासरी साडेतीस महिने येतात, अडीच वर्षांपेक्षा जरासं जास्त. वहीखात्यात चालू खात्यावरचं व्याज कटमितीने काढायचे तेही याच तत्त्वावर, रक्कम आणि ती राहिली तो काळ यांच्या गुणाकारावर. ५,००० गुणिले १,८३० म्हणजे ९१,५०,०००. महिन्याचा दर ६.७ भागिले १२, म्हणजे शेकडा ०.५५८३. व्याज येतं ५१,०८८ रुपये.

म्हणजे साध्या व्याजानेच ३,५१,०८८ झाले. पोस्ट देतं ३,५६,८२९. मधले ५,७४१ रुपये चक्रवाढीचे, व्याजावर मिळालेलं व्याज. पाच वर्षांच्या आरडीत चक्रवाढीचा वाटा एवढाच असतो, हे मुद्दाम सांगतो. जाहिरातींमध्ये चक्रवाढीचे जे चमत्कार दाखवतात ते वीस-पंचवीस वर्षांचे असतात. पाच वर्षांत रक्कम उभी राहते ती मुख्यतः तुमच्या हप्त्यांनी.

याच्या उलटही एक चूक होते. काही जण ५६,८२९ ला तीन लाखांनी भागतात, १९ टक्के काढतात, त्याला पाचाने भागतात आणि म्हणतात, 'पोस्ट ६.७ सांगतं आणि देतं ३.८.' चूक तीच आहे, फक्त दुसऱ्या टोकाकडून केलेली. तीन लाख पाच वर्षं तिथे नव्हतेच.

आता पोस्ट हा आकडा काढतं कसा ते पाहू. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवलं जातं. वर्षाचे ६.७ म्हणजे तिमाहीचे १.६७५ टक्के. कागद-पेन घेऊन पहिलं वर्ष स्वतः करून पाहा, म्हणजे पुढे सूत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवावा लागणार नाही.

एका तिमाहीत तीन हप्ते येतात, १५,००० रुपये. पहिला हप्ता तीन महिने राहतो, दुसरा दोन, तिसरा एक, मिळून सहा महिने. तेव्हा तिमाहीतल्या तिमाहीत व्याज होतं पाच हजारांचं सहा महिन्यांचं, म्हणजे ५,००० गुणिले ०.०१६७५ गुणिले २, बरोबर १६७ रुपये ५० पैसे. पहिल्या तिमाहीच्या शेवटी खात्यात १५,१६७.५० झाले.

दुसऱ्या तिमाहीत या १५,१६७.५० वर १.६७५ टक्क्याने २५४.०६ मिळाले आणि नव्या तीन हप्त्यांचे पुन्हा १५,१६७.५० आले. शिल्लक ३०,५८९.०६. तिसऱ्या तिमाहीत या शिलकीवर ५१२.३७, वर नवे १५,१६७.५०, शिल्लक ४६,२६८.९३. चौथ्या तिमाहीत ७७५ व्याज, वर पुन्हा १५,१६७.५०. वर्षाअखेर शिल्लक ६२,२११.४३.

असंच वीस तिमाह्या चालवलंत तर शेवटी ३,५६,८३६ येतील. पोस्टाच्या आकड्यापेक्षा सात रुपये जास्त, कारण आपण तिमाहीच्या आतलं व्याज साधं धरलं आणि पोस्टाच्या सूत्रात तेही चक्रवाढीच्या प्रमाणातच धरतात. हाताने केलेला हिशेब पाच वर्षांत सात रुपयांच्या फरकाने जुळत असेल तर रीत पक्की समजली असं म्हणायला हरकत नाही.

दरवर्षी किती व्याज मिळतं ते ओळीने मांडलं की खात्याची चाल दिसते. पहिल्या वर्षी २,२१० रुपये. दुसऱ्या वर्षी ६,४८४. तिसऱ्या वर्षी ११,०५२, चौथ्या वर्षी १५,९३३ आणि पाचव्या वर्षी २१,१५०. तुमचा हप्ता पाचही वर्षं तोच आहे, पण व्याज वाढत जातं, कारण प्रत्येक वर्षी आधीच्या सगळ्या वर्षांचे पैसे खात्यात पूर्ण वर्षभर बसलेले असतात. पहिल्या वर्षी साठ हजार भरून बावीसशे रुपये दिसले की लोक वैतागतात आणि खातं मोडायच्या गोष्टी करतात. एकूण व्याजापैकी दोन तृतीयांश भाग शेवटच्या दोन वर्षांत येतो, तेव्हा मध्येच मोडणारा माणूस भरण्याचं काम बहुतेक सगळं करून मोबदल्याच्या वेळी उठतो.

एकेका हप्त्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. तुमचा पहिला पाच हजारांचा हप्ता वीस तिमाह्या राहून ६,९७० होतो. शेवटचा ५,०२८ होतो. दोन्ही हप्ते तेवढ्याच कष्टाचे, पण एकाने १,९७० रुपये मिळवले आणि दुसऱ्याने २८.

सूत्र हवं असेल तर एक्सेलमध्ये किंवा मोबाइलवरच्या शीटमध्ये हे टाका:

```
=5000*((1+0.067/4)^20-1)/(1-(1+0.067/4)^(-1/3))
```

उत्तर 356829 येईल. यात २० म्हणजे तिमाह्या, आणि १/३ येतं ते महिना हा तिमाहीचा तिसरा हिस्सा असतो म्हणून. बरेच जण शीटमधलं तयार फंक्शन वापरतात आणि महिन्याचा दर म्हणून ६.७ भागिले १२ टाकतात. त्याने व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवलं जातं असं धरलं जातं आणि उत्तर ३,५७,१८२ येतं, खऱ्यापेक्षा साडेतीनशे जास्त. त्याच फंक्शनमध्ये हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरतो हे सांगणारा शेवटचा १ विसरला तर उत्तर ३,५५,१९९ येतं. तुमचा आकडा पोस्टाशी थोड्याने जुळत नसेल तर चूक बहुधा या दोनपैकी एका ठिकाणी असते. बरोबर रूप असं:

```
=FV((1+0.067/4)^(1/3)-1,60,-5000,0,1)
```

खिडकीवर मात्र एवढं कोणी करत नाही. तिथे एकच आकडा लक्षात ठेवतात: ६.७ टक्क्यांना दरमहा १०० रुपयांचे पाच वर्षांनी ७,१३६.५८ होतात. म्हणजे हप्त्याला ७१.३६५८ ने गुणलं की मुदतपूर्तीची रक्कम आली. हा गुणक एकदा हातात आला की उलटा प्रश्नही सोपा होतो. ५ लाख हवेत तर ५,००,००० भागिले ७१.३६५८, उत्तर ७,००६. पोस्टात हप्ता १० रुपयांच्या पटीत असतो, म्हणून ७,०१० घ्या. पाच वर्षांत तुम्ही ४,२०,६०० भराल आणि ५,००,२७४ मिळतील.

इथे थांबून स्वतःला एक विचारा. ५ लाख ही आजची फी आहे की पाच वर्षांनंतरची? माहितीपत्रकात आज वाचलेला आकडा असेल आणि फी दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढेल असं धरलं, तर पाच वर्षांनी तीच फी ६,६९,००० च्या पुढे जाते आणि हप्ता ९,३८० वर. ६ टक्के हा मी उदाहरणासाठी धरलेला आकडा आहे. ज्या कॉलेजांचा विचार आहे त्यांची गेल्या काही वर्षांची फी काढा आणि तिच्या वाढीचा दर इथे घाला. उद्दिष्ट चुकीचं धरून काढलेला हप्ता रुपयापर्यंत अचूक असला तरी ऐन वेळी तोकडा पडतो.

दर कुठे जास्त मिळेल या शोधात लोक महिने घालवतात, म्हणून त्याचीही किंमत सांगतो. पोस्टाच्या आरडीचा दर १ ऑक्टोबर २०२३ पासून ६.७ आहे. एप्रिल २०२० ते मार्च २०२३ या काळात तो ५.८ होता. ५.८ टक्क्यांना तुमच्या पाच हजारांचे ३,४८,४८३ झाले असते. जवळजवळ एक टक्क्याने दर कमी होऊनही फरक ८,३४६ रुपयांचा. आणि तो भरून काढायला ५.८ टक्क्यांच्या खात्यात दरमहा फक्त १२० रुपये जास्त भरावे लागले असते. पाच वर्षांच्या मुदतीत दरातला जवळजवळ एक टक्का भरून काढायला हप्त्यातले सव्वाशे रुपये पुरतात. तेव्हा अर्धा-पाव टक्का जास्त देणाऱ्या एखाद्या अनोळखी पतपेढीत मुलीच्या फीचे पैसे ठेवू नका, असं मी कळकळीने सांगेन. पोस्टाच्या दराबाबत आणखी एक चांगली गोष्ट अशी की सरकार दर तिमाहीला नवे दर जाहीर करत असलं तरी तुमच्या खात्याला उघडतानाचाच दर पाचही वर्षं लागू राहतो.

उशिराची किंमत मात्र खरोखर मोठी आहे. ५ लाखांचं तेच उद्दिष्ट एक वर्ष उशिरा सुरू केलं आणि हातात चारच वर्षं उरली, तर त्याच दराने हप्ता ७,००६ वरून ९,०६९ वर जातो. महिन्याला दोन हजारांनी जास्त.

आता तारीख. मुलगी आठवीत आहे, म्हणजे पाचव्या वर्षी उन्हाळ्यात बारावी संपेल आणि प्रवेशाच्या फेऱ्या जुलै-ऑगस्टच्या आसपास होतील. तुमचं खातं नोव्हेंबरात पिकेल. जुलैअखेर ५७ हप्ते भरून झालेले असतील आणि तीनच उरलेले असतील. तेव्हा तुम्हाला वाटेल की झालंच आहे, बंद करून टाकू. नियम असा आहे की तीन वर्षांनंतर खातं मुदतीआधी बंद करता येतं, पण मग सगळ्या काळासाठी व्याज पोस्टाच्या साध्या बचत खात्याच्या दराने मिळतं, जो आज ४ टक्के आहे. पिकायला एक दिवस बाकी असला तरी हेच.

आकडे घालून पाहू. जुलैअखेर ६.७ च्या हिशेबाने खात्यात ३,३६,०३४ धरले जातात, त्यात व्याज ५१,०३४. चार टक्क्यांनी साधं व्याज काढलं तर ५७ हप्त्यांचे महिने होतात १,६५३ आणि व्याज येतं २७,५५०. तीन-चार महिन्यांच्या घाईपायी जवळपास साडेतेवीस हजार गेले. साडेचार वर्षांहून जास्त काळ वेळेवर भरलेल्या माणसाला हा फटका बसलेला मी खिडकीच्या या बाजूने पाहिला आहे, आणि त्या वेळी त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नसायचं. उत्तर आत्ताच शोधायचं असतं.

उत्तर दोन प्रकारचं आहे. पहिलं, खातं मोडू नका, त्यावर कर्ज घ्या. एक वर्ष पूर्ण होऊन १२ हप्ते भरलेले असले की खात्यातल्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं आणि त्याचा दर आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त असतो, तुमच्या बाबतीत ८.७. जुलैअखेर दीड लाख उचलले आणि नोव्हेंबरात खातं पिकल्यावर फेडले, तर चार महिन्यांचं व्याज ४,३५० होईल. मोडण्याच्या साडेतेवीस हजारांपुढे ते परवडतं. पण यातून निम्मेच पैसे वेळेवर हातात येतात.

म्हणून दुसरं. तुम्हाला तसंही आणखी पैसे भरायचे आहेतच. पाच हजारांच्या खात्याचे ३,५६,८२९ आणि हवेत ५ लाख, कमी पडतात १,४३,१७१. पोस्टात दुसरं खातं काढलंत तर २,०१० च्या हप्त्यात हे भागतं, खाती कितीही काढता येतात. पण तेही पाच वर्षांचंच असणार आणि आणखी उशिरा पिकणार. त्याऐवजी हे दुसरं खातं बँकेत काढा, कारण बँकेच्या आरडीत मुदत तुम्ही ठरवू शकता. प्रवेशाच्या वर्षीच्या मे-जूनमध्ये पिकेल अशी मुदत घ्या. आज काढलंत तर ती साधारण ५४ महिन्यांची होईल. तेवढ्या मुदतीला ६.७ टक्केच दर धरला तर गुणक ६३.१२ येतो आणि हप्ता २,२७० च्या आसपास. बँकेचा दर त्या दिवशी जो असेल त्याने आकडा थोडा हलेल. वरच्या सूत्रात २० च्या जागी १८ आणि तुमचा दर घातला की झालं.

मग जुलैमध्ये तुमच्या हातात बँकेचे १,४३,००० च्या वर आणि पोस्टाच्या कर्जाचे दीड लाख, मिळून सुमारे २,९३,०००. पहिल्या वर्षाची फी आणि हॉस्टेल यांत निघत असेल तर पोस्टाचं खातं शांतपणे नोव्हेंबरात पिकू द्या, कर्ज फिटून उरलेले दोन लाख पुढच्या वर्षाच्या फीला येतील. सगळे पाच लाख जुलैतच लागणार असतील तर बँकेच्या खात्यातला हप्ता मोठा ठेवा. त्यासाठी पाच लाखांपैकी कोणत्या महिन्यात किती लागणार हे आत्ता कागदावर मांडून घ्या. प्रवेशाच्या दिवशी सगळी रक्कम एकदम लागतेच असं नाही.

हप्ता चुकवण्याबद्दलही थोडं, कारण रकमेचा हा सगळा हिशेब प्रत्येक हप्ता वेळेवर आला असं धरूनच आहे. महिन्याच्या १ ते १५ तारखेत खातं उघडलं असेल तर दर महिन्याचा हप्ता १५ पर्यंत भरायचा, १६ नंतर उघडलं असेल तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत. या मुदतीत तुम्ही लवकर भरला की शेवटच्या दिवशी, याने मिळणाऱ्या रकमेत फरक पडत नाही. मुदत ओलांडली की १०० रुपयांमागे महिन्याला १ रुपया दंड, तुमच्या हप्त्याला ५० रुपये. ५,००० चं एका महिन्याचं व्याज २८ रुपये असतं, म्हणजे दंड व्याजाच्या जवळपास दुप्पट आहे. लागोपाठ चार हप्ते चुकले तर खातं खंडित होतं, त्यानंतर दोन महिन्यांत चुकलेले हप्ते दंडासह भरले तरच ते पुन्हा चालू करता येतं.

घरी येणाऱ्या एजंटताईंकडे हप्ता देत असाल तर एक सवय लावून घ्या. एजंटच्या कार्डावरची सही म्हणजे पैसे त्यांच्याकडे पोचल्याची खूण आहे. पोस्टात पोचल्याची खूण पासबुकात असते. बहुतेक एजंट चोख असतात आणि त्यांच्यामुळेच कित्येक घरांत बचत होते, पण पासबुकावर नोंद नसलेला हप्ता पोस्टाच्या लेखी भरलेलाच नसतो. तीन महिन्यांतून एकदा पासबुक स्वतः छापून घ्या आणि हप्ते मोजा. हप्त्यांची संख्या आणि खातं उघडल्यापासूनचे महिने जुळले पाहिजेत.

शेवटी कर. आरडीत भरलेल्या पैशांवर ८०सी ची सवलत नाही आणि मिळणारं व्याज तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर पोस्टाच्या ५६,८२९ वर सेस धरून सुमारे ११,८०० जातात. कर बसत असेल तर ती रक्कम पाच लाखांवर मिळवून मगच ७१.३६५८ ने भागा. तुमच्या उदाहरणात तेवढ्याने दोन्ही खात्यांचा मिळून हप्ता महिन्याला दोनशे-सव्वादोनशे रुपयांनी वाढेल. पोस्टाचा हप्ता आता बदलता येणार नाही, तेव्हा ही वाढ बँकेच्या खात्यातच घाला. तिथे मुदत कमी असल्याने ती अडीचशेच्या थोडी वर जाते, म्हणजे २,२७० च्या जागी २,५५० चं खातं काढा.